चार पायऱ्यांची रेलिंग एकाच पाइपात: हँड बेंडरवर निशाण कुठे करायचं, पाइप दुमडू कसा द्यायचा नाही

प्रश्न: भाऊ, गावच्या समाजमंदिराला चार पायऱ्या आहेत, म्हाताऱ्या माणसांसाठी एका बाजूनं रेलिंग बनवून राहिलो. बेंडर स्टँडचा, हातानं ओढायचा, त्यात एक इंची पाइपचा फॉर्मर. फर्निचरवाल्याकडून सव्वा इंची १६ गेजचा पाइप आणला. खालचं वळण घेतलं तर पाइप आतून दुमडला, अन् वळण सव्वातीन इंच वर सरकलं. निशाण तर बरोबर १२०० मिमीवरच केलं होतं. रेलिंग एकाच पाइपात, मधे जोड न देता करायची आहे. निशाण कुठं करायचं अन् पाइप दुमडू नये म्हणून काय करायचं?

उत्तर: दोन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत. पाइप दुमडला तो फॉर्मरशी जुळत नसल्यामुळे. वळण सरकलं ते, जिथे कोपरा हवा तिथूनच वाकवायला सुरुवात केल्यामुळे. आधी पाइपचं बघू, कारण पाइप चुकीचा असेल तर निशाण कितीही बरोबर असून उपयोग नाही.

पाण्याच्या लायनीला वापरतो तो 'एक इंची' पाइप, म्हणजे २५ एनबी, बाहेरून एक इंच नसतो. त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. फर्निचरचा पाइप मात्र बाहेरच्या मापाने विकतात, त्यामुळे तुमचा सव्वा इंची पाइप बाहेरून ३१.८ मिमी भरतो. बेंडरचा एक इंची फॉर्मर ३३.७ साठी खोदलेला आहे. म्हणजे त्याच्या खाचेत तुमचा पाइप जवळजवळ दोन मिमी सैल बसला. दिसायला हे दोन मिमी काहीच नाहीत, पण सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

पाइप वाकतो तेव्हा बाहेरच्या बाजूचा पत्रा ताणला जातो आणि आतल्या बाजूचा दाबला जातो. ताणलेला पत्रा आत, पाइपच्या मध्याकडे बसू पाहतो, त्यामुळे पाइपचा गोल चपटा होऊन दोन्ही कुशींनी फुगायला बघतो. फॉर्मरच्या खाचेचं काम नेमकं इथे असतं: कुशी दाबून धरायच्या आणि पाइप फुगू द्यायचा नाही. खाच सैल असेल तर पाइप आधी चपटतो. चपटलेल्या पाइपात वाकण्याला विरोध करायची ताकद कमी उरते, मग उरलेला सगळा वाक त्याच जागी जमा होतो आणि दाबला गेलेला आतला पत्रा एकदम आत घुसतो. त्यात १६ गेज म्हणजे पत्र्याची जाडी फक्त १.६ मिमी. व्यास जाडीच्या वीसपट झाला. २५ एनबी मिडियम पाइपात जाडी ३.२ मिमी असते, म्हणजे व्यास जाडीच्या दहापट. साध्या हँड बेंडरवर, आत काही न भरता वाकवायला दहापट ही आरामाची जागा आहे. वीसपट असेल तर खाच अगदी घट्ट बसणारी आणि वळण मोठं पाहिजे.

म्हणून या बेंडरसाठी २५ एनबीचा मिडियम क्लासचा काळा एमएस पाइप घ्या. आयएस १२३९ च्या पाइपवर क्लासप्रमाणे रंगाचा पट्टा असतो: लाइटला पिवळा, मिडियमला निळा, हेवीला लाल. पट्ट्यावर विसंबू नका. दुकानातच व्हर्नियर लावून बाहेरचा व्यास आणि टोकाशी पत्र्याची जाडी बघा. मिडियमचं वजन मीटरला साधारण २.४ किलो, म्हणजे सहा मीटरची लांबी साडेचौदा किलोच्या आसपास भरते. वजन काट्यावर फारच कमी आलं तर तो लाइट आहे. जीआय पाइप इथे नको. वळणावर जस्ताचा थर सोलून निघतो, आणि वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो. काळा पाइप, त्यावर रेड ऑक्साइड आणि वरून ऑइल पेंट, एवढं पुरतं.

आता निशाणाकडे. पायऱ्यांवर माप घेताना आपण कोपरे मोजतो: खांब इथपर्यंत सरळ, मग तिरपी रेलिंग तिथपर्यंत. पण पाइपात तो टोकदार कोपरा नसतोच. वळण कोपऱ्याच्या बरंच अलीकडे सुरू होतं आणि कोपरा कापून पलीकडे निघतं. कोपऱ्यापासून किती अलीकडे सुरुवात करायची, त्या अंतराला सेटबॅक म्हणू. तो फॉर्मरची त्रिज्या आणि वळणाचा कोन यांवर ठरतो. खुद्द वळणात पाइपची किती लांबी जाते, हे दुसरं माप. ही दोन मापं हातात आली की उरतं ते नुसतं बेरीज-वजाबाकीचं काम.

त्रिज्या म्हणजे पाइपच्या मध्यरेषेची त्रिज्या. फॉर्मरच्या खाचेच्या तळाशी व्यास मोजा, निम्मा करा आणि त्यात पाइपचा अर्धा व्यास, म्हणजे १७ मिमी, मिळवा. समजा खाचेच्या तळाचा व्यास २२६ भरला, तर ११३ अधिक १७, त्रिज्या १३०. पुढचा सगळा हिशोब मी १३० धरून केलाय. तुमच्या फॉर्मरवर वेगळा आकडा आला तर तो घाला.

तरी फक्त एवढ्यावर निशाण करू नका. आधी चाचणीचा तुकडा वाकवा, आणि तो त्याच पाइपातून कापा, भंगारातला दुसरा नको. पुढे दिसेल की रेलिंगला जेमतेम पावणेचार मीटर पाइप लागतो, त्यामुळे तुकडा सहज निघतो. बरोबर १००० मिमीचा तुकडा घ्या, ५०० वर निशाण करा, ते निशाण पाइप धरून ठेवणाऱ्या हुकाच्या पुढच्या कडेला जुळवा आणि गुण्या लावून अगदी ९० अंशांचं वळण घ्या. आता एका पायाच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या बाहेरच्या पाठीपर्यंत मोजा आणि त्यातून १७ वजा करा. कोपऱ्यापर्यंतचं मध्यरेषेचं अंतर मिळालं. दुसऱ्या बाजूनेही तसंच करा.

समजा हुकाकडच्या बाजूचं अंतर ६३४ आलं आणि दुसऱ्या बाजूचं ४२२. दोन्हींची बेरीज १०५६, पाइप होता १०००. हा ५६ चा फरक काटकोनाच्या वळणात त्रिज्येच्या ०.४३ पट असतो. ५६ भागिले ०.४३ केलं की १३० येतात, म्हणजे फॉर्मरचं माप बरोबर निघालं. हा ताळा मात्र नाजूक आहे. बेरजेत एक मिमी चुकला तर त्रिज्येत दोन मिमीच्या वर फरक पडतो. म्हणून त्रिज्येसाठी फॉर्मरचं माप मुख्य धरा आणि तुकडा पडताळणीला ठेवा.

तुकड्याचा खरा उपयोग दुसरा आहे. काटकोनात सेटबॅक त्रिज्येइतकाच असतो, म्हणून कोपरा ५०० अधिक १३०, म्हणजे ६३० वर यायला हवा होता. आला ६३४ वर. याचा अर्थ तुमच्या बेंडरवर वळण हुकाच्या कडेपासून नाही, तर कडेच्या चार मिमी पुढून सुरू होतं. हे चार मिमी प्रत्येक निशाणातून वजा करायचे. बेंडर-बेंडरमध्ये हा आकडा बदलतो, आणि हूक झिजलं की त्याच बेंडरवरही बदलतो, म्हणून तो दुसऱ्याकडून ऐकून घेण्यात अर्थ नाही. त्याच तुकड्यावर एक गोष्ट आणखी टिपून ठेवा: दांडी किती अंशांपर्यंत ओढली तेव्हा सोडल्यावर बरोबर ९० उरले. पोलाद दांडी सोडताच थोडं परत येतं. ९४ पर्यंत ओढावं लागलं असेल, तर परतावा काटकोनामागे चार अंशांचा. लहान वळणाला तो त्याच प्रमाणात कमी धरा.

आता तुमच्या पायऱ्या. मी पायरीची उंची १५० आणि रुंदी ३०० धरतोय. गावातल्या बांधकामात चारही पायऱ्या सारख्या क्वचित निघतात, म्हणून एक सरळ फळी पायऱ्यांच्या नाकांवर, म्हणजे पुढच्या कडांवर, टेकवा आणि पहिल्या नाकापासून चौथ्या नाकापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर पाणलेव्हलने घ्या. इथे आडवं ९००, उभं ४५०. उतार दोनाला एक, म्हणजे साडेसव्वीस अंश.

रेलिंगचा आकार असा ठेवा. खालचा खांब पहिल्या पायरीच्या नाकाच्या ३०० अलीकडे. तिथे कोपरा जमिनीपासून ९०० वर येतो. तिथून रेलिंग नाकांपासून ९०० ची उभी उंची राखत वर जाते. सर्वात वरच्या नाकावर, म्हणजे ओट्याच्या कडेवर, ती आडवी होते, ३०० मिमी आडवी जाते आणि मग खाली वळून ओट्यावर उभी राहते. वरचा हा आडवा तुकडा पैसे वाचवायला गाळू नका. शेवटची पायरी चढल्यावर म्हातारा माणूस हात लगेच सोडत नाही, दोन्ही पाय ओट्यावर आल्यावर सोडतो.

अशी तीन वळणं झाली: खाली साडेत्रेसष्ट अंश, ओट्याच्या कडेवर साडेसव्वीस, शेवटी नव्वद. तिन्हींची बेरीज १८०, आणि ती १८० च आली पाहिजे, कारण दोन्ही खांब उभे, एकमेकांना समांतर आहेत. तुमच्या पायऱ्यांचा उतार वेगळा असला तरी पहिलं वळण ९० वजा उतार, दुसरं उताराइतकं, तिसरं ९०. बेरीज तीच राहते.

कोपऱ्यांमधली अंतरं अशी. खालचा खांब जमिनीखाली ३०० धरून १२००. तिरपा भाग आडवा १२०० आणि उभा ६००, म्हणून त्याची लांबी १३४२. आडवा भाग ३००. वरचा खांब ओट्यापर्यंत ९००.

सेटबॅक म्हणजे त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर निघतो. साडेत्रेसष्टला ८० मिमी, साडेसव्वीसला ३१, नव्वदला १३०. वळणात जाणारी लांबी म्हणजे त्रिज्या गुणिले अंश गुणिले ०.०१७४५. ती अनुक्रमे १४४, ६० आणि २०४ येते.

आता खालच्या टोकापासून मोजत चला. पहिलं वळण १२०० वजा ८०, म्हणजे ११२० वर सुरू होतं आणि १२६४ वर संपतं. तिरपा भाग १३४२ असला तरी त्यातून दोन्हीकडचे सेटबॅक गेले की १२३१ च सरळ उरतो, म्हणून दुसरं वळण २४९५ वर सुरू आणि २५५५ वर पूर्ण. आडव्या ३०० मधून ३१ आणि १३० गेले, उरले १३९, म्हणून तिसरं वळण २६९४ ते २८९८. पुढे वरच्या खांबाचे ७७० सरळ. एकूण ३६६८. कोपऱ्यांची नुसती बेरीज ३७४२ होती, वळणं कोपरे कापून गेल्यामुळे ७४ मिमी पाइप वाचला.

पाइप ३७२० कापा. जास्तीचे पन्नासेक मिमी वरच्या खांबाच्या टोकाला राहू द्या, सगळ्या वळणांची बारीक-सारीक चूक तिथे जमा होते आणि शेवटी कापून टाकता येते. खालचं टोक मात्र काटकोनात कापून, घासून घ्या, कारण सगळी मापं तिथूनच घ्यायची आहेत. हुकाचे चार मिमी वजा केले की पाइपवर करायची निशाणं १११६, २४९१ आणि २६९० वर पडतात. तिन्ही निशाणं पाइप सरळ असतानाच, एकाच टेपने, एकाच टोकापासून करा. एक वळण घेऊन तिथून पुढचं मोजायचं म्हणाल तर टेप गोलाईवर कुठे धरायचा हाच प्रश्न पडतो. निशाण पाइपभोवती पूर्ण गोल फिरवा, पर्मनंट मार्करने. एप्रिल-मे महिन्यात खडूची रेघ घामाच्या हाताने दहा मिनिटांत पुसली जाते. हॅक्सॉने चरा पाडणं तर अजिबात नको. बाहेरच्या ताणलेल्या बाजूला तो चरा आला तर पाइप तिथूनच तडकायला सुरुवात होते.

तुमच्या १२०० च्या निशाणाचं काय झालं, ते आता स्पष्ट होईल. वळण १२०० च्या पुढे चार मिमीवर सुरू झालं आणि कोपरा आणखी ८० मिमी पुढे पडला. १२८४. हेच तुमचे सव्वातीन इंच.

गोल निशाणांबरोबर पाइपच्या लांबीभर एक सरळ रेघ हवी. एक अँगलचा तुकडा पाइपवर पालथा ठेवला की त्याच्या कडेने रेघ आपोआप पाइपला समांतर येते. ही रेघ वेल्डच्या सांध्याजवळून काढा आणि वाकवताना तिन्ही वेळा ती वर, आकाशाकडे ठेवा. फॉर्मर आडवा असेल तर वरची आणि खालची बाजू ना ताणली जाते ना दाबली जाते, त्यामुळे सांधा तिथे सुरक्षित राहतो. शिवाय तिन्ही वळणं एकाच पातळीत येतात. सांध्यालाच रेघ समजू नका. काही पाइपांत तो लांबीभर हळूहळू फिरत गेलेला असतो.

वळणं कोणत्या क्रमाने घ्यायची, यावर बरेच जण अडतात. साहजिक वाटतं की खालून सुरुवात करावी. पण तिन्ही वळणं एकाच बाजूला वळणारी आहेत, आणि हुकात खालच्या टोकाची बाजू धरायची आहे. पहिलं वळण आधी घेतलं तर नंतर तो वाकलेला खांब हुकामागून बेंडरच्याच दिशेने येतो आणि स्टँडला अडतो. म्हणून उलटं करा: आधी २६९० चं नव्वद, मग २४९१ चं साडेसव्वीस, शेवटी १११६ चं साडेत्रेसष्ट. प्रत्येक वेळी हुकामागचा पाइप सरळच राहतो आणि वाकलेला भाग मोकळ्या अंगणात फिरतो. भोवती अडीच-तीन मीटर जागा रिकामी ठेवा, पोरंसोरं लांब. पहिल्या वळणाला हुकामागे पावणेतीन मीटर पाइप लोंबतो. त्याच्या टोकाखाली बेंडरच्या उंचीचा स्टूल द्या, नाहीतर पाइप खाली झुकून वळण पातळीबाहेर जातं.

या क्रमात एकच जागा अडचणीची आहे. साडेसव्वीसचं वळण घेताना पुढे नव्वदचं वळण तयार असतं, आणि दोन्हींच्या सुरुवातींमध्ये १९९ मिमी सरळ पाइप असतो. रोलरखालचा, पाइपला दाबत सरकणारा शू त्यात मावला पाहिजे. शू लांब असेल तर तो नव्वदच्या गोलाईवर चढतो आणि पाइपला चेपा पडतो. आधी मोजून बघा. मावत नसेल तर वरचा आडवा भाग ३०० ऐवजी ३५० करा आणि त्यापुढचे आकडे पन्नासने सरकवा.

आता खुद्द वाकवणं. हुकात आणि फॉर्मरच्या खाचेत तेल किंवा ग्रीस नको, फडक्याने कोरडं पुसा. तिथे पाइप घसरला की निशाण हुकाच्या कडेपासून सरकतं आणि वळण पसरट होतं. ग्रीस फक्त शू आणि पाइप यांच्यामध्ये लावा. शू असा आवळा की दांडी ओढण्याआधीच तो पाइपला टेकलेला असेल. शू आणि पाइप यांच्यात फट असेल तर सुरुवातीचा सगळा जोर एका बिंदूवर येतो, आणि बरोबर मापाचा पाइपही तिथे चेपतो.

काम दोघांचं आहे. एकाने दांडी ओढायची, दुसऱ्याने हुकाजवळच्या निशाणावर आणि वळणाच्या आतल्या बाजूवर डोळा ठेवायचा. ओढ एकसारखी, संथ असू द्या. जोर पुरत नसेल तर दांडीवर लांब पाइप चढवा, पण लटकून झटके देऊ नका. झटक्याला पाइप सगळीकडे सारखा वाकत नाही, जिथे त्या क्षणी कमजोर सापडतो तिथे वाकतो. मधे थांबायला हरकत नाही.

पाइप दुमडणार असेल तर तो आधी सांगतो. पंचवीस-तीस अंशांच्या आसपास दांडी सैल सोडा आणि वळणाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर पुढे चला. बारीक लाटा लागल्या तर तिथेच थांबा आणि कारण शोधा: शू सैल, हूक घसरलं, खाच मोठी, की पाइप लाइट क्लासचा. आणखी एक खूण हातालाच कळते. दांडीचा जोर वाढत-वाढत जायला हवा. तो एकदम हलका झाला तर पाइप वाकत नाहीये, आत बसतोय. लाट एकदा खोल घडी झाली की तो भाग बिजागरीसारखा वागतो, पुढचा सगळा वाक तिथेच जातो. ती घडी ठोकून किंवा उलटं वाकवून निघत नाही. तो पाइप मधल्या खांबाला वापरा आणि नवा घ्या. वळणाच्या मध्यावर व्हर्नियर लावून व्यास ३३.७ च्या जागी ३२ भरला तर रेलिंगला चालतं, हाताला तो फरक कळतही नाही. ३० च्या खाली गेला तर तो डोळ्याला दिसतो.

गॅसची ज्योत लावून वाकवायचा सल्ला कुणीतरी देईलच. हँड बेंडरवर तो ऐकू नका. तापलेला पट्टा बाकी पाइपपेक्षा मऊ होतो आणि सगळा वाक त्या दोन बोटांच्या जागेत गोळा होतो. सैल खाचेत पत्र्याची पट्टी कोंबणंही तसंच आहे, पट्टी सरकते आणि तिची कड पाइपवर उमटते.

हातात असलेला १६ गेजचा पाइपच वापरायचा असेल तर ३१.८ चा फॉर्मर मिळवावा लागेल, आणि त्यासोबत पाइप रेतीने भरा. रेती बारीक चाळलेली आणि उन्हात पूर्ण वाळवलेली हवी. एका टोकाला बाभळीची निमुळती गुट्टी ठोका, पाइप उभा धरून थोडी-थोडी रेती टाका आणि लाकडी हातोडीने पाइपला सतत ठकठक करत राहा. या लांबीला साधारण २.४ लिटर रेती बसते. वरून भरलेली दिसली तरी ठोकल्यावर खाली बसते, ती बसायची थांबेपर्यंत भरा, मग दुसरी गुट्टी गच्च ठोका. अर्धवट बसलेली रेती न भरल्यासारखीच. भरलेला पाइप कधीही तापवू नका. रेतीत ओल राहिली असेल तर वाफ होऊन गुट्टी गोळीसारखी सुटते. निशाणांचा हिशोब तोच राहतो, फक्त नव्या फॉर्मरची त्रिज्या आणि हुकाचा फरक पुन्हा मोजा.

तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये हाताने पंप मारायचा हायड्रॉलिक बेंडर असतो. त्यावर करायचं असेल तर ही निशाणं तशीच नेऊ नका. तिथे फॉर्मर पाइपच्या मधोमध दाबतो आणि दोन्ही बाजूंना सारखं वळण निघतं, म्हणून निशाण वळणाच्या मध्यावर हवं: सुरुवात अधिक वळणाची निम्मी लांबी. १३० च्या त्रिज्येला ते ११९२, २५२५ आणि २७९६ वर येतं, आणि हुकाचे चार मिमी तिथे लागू नाहीत. खालच्या वळणाचा मध्यही १२०० वर नाही, ११९२ वर आहे, कारण वळण कोपरा कापून जातं.

वाकवताना दर वळणाला परताव्यासकट ओढा: नव्वदला ९४, साडेत्रेसष्टला साडेसहासष्टच्या थोडं आत, साडेसव्वीसला जेमतेम एक अंश जास्त. एकदम शेवटपर्यंत जाऊ नका. दोन अंश आधी थांबा, दांडी सोडा, कोन बघा, मग उरलेलं ओढा. कमी पडलेलं वळण त्याच निशाणावर पुन्हा हूक लावून वाढवता येतं. जास्त झालेलं एक-दोन अंश लांब पायांना हाताने ताणून उघडतं, त्याहून जास्त उघडायला गेलात तर आतल्या बाजूला लाट येते. कोन बघायला लोखंडी पट्ट्यांची फोल्डिंग कोनपट्टी पुरते. पण सर्वात भरवशाचं म्हणजे ओट्याच्या फरशीवर खडूने पूर्ण मापाचं चित्र: पायऱ्या, कोपरे, मध्यरेषा. दर वळणानंतर पाइप त्या चित्रावर ठेवा. खालच्या वळणात एक अंश चुकला तर तिरप्या भागाचं वरचं टोक २३ मिमी सरकतं, आणि हे चित्रावर लगेच दिसतं.

तिन्ही वळणं झाली की पाइप सपाट फरशीवर आडवा टाका. एखादा कोपरा उचललेला दिसला तर पाइप पातळीबाहेर पिळला आहे. एक पाय शिकंज्यात धरून दुसऱ्या लांब पायाने हळूच उलटा पीळ द्या, थोडा असेल तर निघतो. मग दोन्ही खांबांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ते कोपऱ्याजवळ आणि टोकाशी, दोन्हीकडे १५०० भरलं पाहिजे. टोकाशी जास्त असेल तर वळणांची बेरीज १८० ला कमी पडली, आणि ती उणीव नव्वदच्या वळणात भरून काढणं सोपं, कारण त्यानंतर एकच पाय हलतो.

वरच्या खांबाचा जास्तीचा तुकडा आता कापू नका. आधी खालचा खांब खड्ड्यात उभा करा, रेलिंग पायऱ्यांवर धरून ओळंबा लावा, आडवा भाग लेव्हलमध्ये आणा आणि मगच ओट्यावरच्या बेस प्लेटची जाडी वजा करून कापायची रेघ मारा. खालचा खड्डा काळ्या मातीत असेल तर ३०० वर थांबू नका. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात भेगाळून ती माती काँक्रीटचा गोळा खांबासकट हलवते. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा आणि खालची जादा खोली नुसत्या काँक्रीटने भरून काढा. पाइपची मापं मग बदलावी लागत नाहीत.